देणगीच्या आवाहनात इमोजी वापरावेत का? वार्तापत्र लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना राहायला खाट आणि दोन वेळचं जेवण देणारी आमची छोटी संस्था आहे. तिचं मासिक वार्तापत्र गेली बरीच वर्षं मी लिहिते. ते ई-मेलनं जातं, व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि शंभरेक ज्येष्ठ देणगीदारांना छापून टपालानंही जातं. इतर संस्थांमधली वार्तापत्र सांभाळणारी मंडळी भेटली की इमोजींचा विषय हमखास निघतो. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहीत आहे.

थोडक्यात सांगा, वापरायचे की नाही?

देणगीदाराशी बोलताना एखादा वापरा. ज्यांच्यासाठी देणगी मागतो, त्यांच्याबद्दल लिहिताना एकही नको.

वार्तापत्रात दोन प्रकारची वाक्यं असतात. काही वाक्यं आपल्या आणि वाचकाच्या मधली असतात: नमस्कार, आभार, कार्यक्रमाची तारीख, पावती कधी मिळेल ते. तिथे तारखेपाशी एक 📅 किंवा शेवटी एक 🙏 आला तर कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारची वाक्यं तिसऱ्या माणसाबद्दल असतात. तो माणूस त्या वेळी वॉर्डात असतो, केमोथेरपीच्या रांगेत असतो, आणि आपण त्याच्याबद्दल काय लिहितोय हे त्याला दिसत नसतं. त्याच्या दुःखाशेजारी आपण रडका चेहरा चिकटवला, तर तो चेहरा त्याचा नसतो, आपण त्याच्या वतीनं लावलेला असतो. तसं करायचा हक्क त्यानं आपल्याला दिलेला नाही.

मी एक सोपी कसोटी वापरते. मजकूर त्या माणसासमोर बसून मोठ्यानं वाचून दाखवता येईल का? "रात्री झोप लागत नव्हती" हे वाक्य वाचता येतं. "रात्री झोप लागत नव्हती" म्हणून लगेच रडवेलं तोंड करून दाखवता येत नाही.

सब्जेक्ट लाइनमध्ये घातला तर मेल उघडला जातो म्हणतात. खरं आहे का?

इनबॉक्समध्ये रंगीत ठिपका दिसतो, नजर जाते, एवढं खरं. पण शेजारी कोण बसलंय तेही पाहा. कपड्यांचा सेल, कर्जाची जाहिरात, लॉटरी या सगळ्यांच्या सब्जेक्ट लाइनमध्ये इमोजी असतात. शिवाय उपचारांच्या नावानं पैसे मागणारे खोटे संदेश आता लोकांना पाठ झाले आहेत, आणि त्यांची ओळखच मुळी 🚨, ‼️ आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग ही असते. खऱ्या संस्थेनं त्याच वेशात दारात का उभं राहावं?

फोनवर सब्जेक्ट लाइनची सुरुवातीची तीसेक अक्षरंच दिसतात. तेवढी जागा ठोस बातमीला द्या. "🚨🙏 तातडीनं मदत हवी!! 😢" या ओळीतून वाचकाला काहीच कळत नाही. "खाटा २४, या आठवड्यात आलेली कुटुंबं ३१" ही ओळ तेवढ्याच जागेत सगळं सांगते. इमोजी घालायचाच असेल तर ओळीच्या शेवटी घाला, म्हणजे तुटला तरी अर्थ शाबूत राहतो.

मेल स्पॅममध्ये जाण्याचं खापर इमोजीवर फोडलं जातं, पण एकट्या इमोजीमुळे सहसा तसं होत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना मेल खरोखर आपल्याकडूनच आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय बंधनकारक केली आहे. मेल पोचत नसतील तर आधी त्या नोंदी तपासून घ्या.

पण आमचे देणगीदारच आम्हाला 🙏🙏🌹 पाठवतात. मग आपण का लाजायचं?

अगदी बरोबर. सकाळी सहाला सुप्रभात, गुलाब आणि सुविचार पाठवणारे आमचेही पंच्याहत्तरीचे देणगीदार आहेत, आणि मला ते फार आवडतात. त्यामुळे "ज्येष्ठांना इमोजी कळत नाहीत" हे कारण मी कधीच देत नाही.

कारण वेगळं आहे. काका आपल्याला गुलाब पाठवतात तेव्हा एक माणूस एका माणसाशी बोलत असतो. त्यांना उत्तर देताना मीही 🙏 पाठवते, नाही पाठवला तर कोरडेपणा वाटेल. वार्तापत्र मात्र संस्थेचं पत्र असतं. त्यावर नोंदणी क्रमांक असतो, विश्वस्तांची नावं असतात, बँकेचं खातं असतं. काही देणगीदार ते फाइल करून ठेवतात, काही जण सीएला दाखवतात. तिथला आवाज सहीशिक्क्याच्या कागदाला शोभेल असाच हवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या छोट्या मजकुरात मी थोडी सैल होते. तिथे परिच्छेदांना मथळे नसतात, म्हणून तारीख, पत्ता आणि फोन या तीन ओळींच्या आधी 📅 📍 ☎️ लावले की डोळ्याला पटकन सापडतात. ते खुणेचे दगड आहेत, भावना नाहीत. शब्द मात्र प्रत्येक ठिकाणी लिहायचाच: "📅 रविवार, सकाळी १०".

निदान 🙏 तरी निर्धास्तपणे वापरावा ना?

आपल्याकडे तो नमस्कारच आहे, आणि युनिकोडमधलं त्याचं मूळ नावही "हात जोडलेली व्यक्ती" असंच आहे. जपानमध्ये त्यातून "कृपया" किंवा "धन्यवाद" व्यक्त होतं, इंग्रजी वाचकाला बहुतेकदा प्रार्थना दिसते. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी इंग्रजी आवृत्ती काढत असाल आणि त्यांची मुलंही ती वाचत असतील, तर हा फरक लक्षात ठेवा. मराठी आवृत्तीत अडचण नाही.

अडचण संख्येची आहे. एक 🙏 म्हणजे नमस्कार. तीन झाले की आर्जव होतं, सहा झाले की गयावया. आणि गयावया आपण स्वतःच्या नावानं करत नसतो, रुग्णांच्या नावानं करत असतो.

मराठी पत्राला तर या कामासाठी शेकडो वर्षांचे शब्द आहेत. "सप्रेम नमस्कार", "कळावे, लोभ असावा". यात हात आधीच जोडलेले आहेत. "सप्रेम नमस्कार 🙏" लिहिणं म्हणजे दोनदा नमस्कार करणं. मी शब्द वर ठेवते आणि चित्र, ठेवलंच तर, खाली सहीपाशी एकदाच.

एखादं आवाहन कसं दुरुस्त करायचं, ते प्रत्यक्ष दाखवाल?

आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका उत्साही मुलानं लिहिलेला मसुदा असा होता. तपशील ओळखू येऊ नयेत म्हणून बदलले आहेत.

> 😢😢 गरीब बिचारा तुकाराम! ऊस तोडणारा हा असहाय बाप 💔 आपल्या चिमुकलीला 👧 घेऊन मुंबईत आला आणि चक्क फुटपाथवर झोपला 😭 तुमच्या एका क्लिकनं 👆 त्याच्या चेहऱ्यावर हसू फुलेल 😊 👉👉 आजच दान करा 🙏🙏🙏

मुलाच्या मनात खोट काहीच नव्हती. तो स्वतः तुकारामना भेटला होता, त्यांच्यासोबत रात्री औषधाच्या दुकानात गेला होता. आम्ही दोघं बसलो आणि मी त्याला एवढंच म्हटलं, "आधी सगळे इमोजी पुसून टाक आणि काय उरतंय ते वाच." उरलं ते असं: गरीब, बिचारा, असहाय, चिमुकली, हसू, दान. त्यात तुकाराम कुठे दिसतच नव्हते. रडक्या चेहऱ्यांनी ही पोकळी झाकली होती.

मग मी विचारलं, "ते सकाळी काय करतात?" तो म्हणाला, "सहा वाजता सगळ्यांच्या आधी गॅसचा नंबर लावतात. मुलीला तोंड आल्यामुळे मऊ भातच जातो, तो स्वतः करतात. दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत." हे त्याला माहीत होतं, पण लिहिण्याजोगं वाटलं नव्हतं. नवा मसुदा असा झाला:

> तुकाराम (नाव बदलले आहे) ऊसतोडणी करतात. मुलीच्या उपचारांसाठी ते मराठवाड्यातून मुंबईला आले तेव्हा आमच्या सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. पहिल्या चार रात्री त्यांनी रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर काढल्या. पाचव्या दिवशी जागा झाली. आता रोज सकाळी सहाला ते स्वयंपाकघरात असतात. मुलीला तोंड आलं आहे, त्यामुळे मऊ भातच जातो, आणि तो त्यांना स्वतःच करायचा असतो. उपचार अजून तीन महिने चालतील. एका कुटुंबाचं महिनाभराचं राहणं आणि जेवण यासाठी आम्हाला ₹६,००० खर्च येतो. त्यातला जमेल तेवढा भाग आपण उचलावा, ही विनंती.

इथे आपली चूकही लिहिली आहे: खाटा भरलेल्या होत्या, म्हणून चार रात्री गेल्या. पहिल्या मसुद्यात फुटपाथ हे तुकारामांचं दुर्दैव होतं, दुसऱ्यात ती आमची अपुरी पडलेली व्यवस्था आहे, आणि देणगी नेमकी त्यासाठीच मागितली आहे. "चेहऱ्यावर हसू फुलेल" हे आश्वासनही काढलं, कारण ते आपल्या हातात नाही. खाट आणि भात आपल्या हातात आहे.

छापण्याआधी हा मजकूर तुकारामना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: भातात मुगाची डाळही असते. ती घातली.

इमोजी काढले, तरी मजकुराला मान आल्यासारखा वाटत नाही. काय चुकतंय?

क्रियापदं तपासा. मराठीत मान तिथे असतो.

आपल्या वार्तापत्रांत एक जुनी खोड आहे. देणगीदार "आले", "म्हणाले", "भेट देऊन गेले". रुग्ण मात्र "आला", "म्हणाला", "बरी होऊन गेली". एकाच पानावर पंचविशीतल्या देणगीदाराला आहो-जाहो आणि पन्नाशीच्या आजारी बाईंना अरे-तुरे. लिहिणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, पण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या घरच्यांनी वाचलं तर पहिल्या ओळीत लक्षात येतं. मी छापण्याआधी फक्त क्रियापदांसाठी एक वाचन करते. मोठ्या माणसांना सगळीकडे आदरार्थी अनेकवचन. लहान मुलांना एकवचन चालतं, तिथे ते मायेचं असतं.

दुसरा शब्द "लाभार्थी". सरकारी तक्त्यात तो ठीक आहे. गोष्टीत "आमच्या एक लाभार्थी" म्हटलं की माणूस रांगेतला क्रमांक होतो. "आमच्याकडे राहणाऱ्या", "उपचार घेणाऱ्या" असं लिहिता येतं. आणि "दान" की "देणगी"? माझा कल "देणगी"कडे आहे. दानात देणारा उंचावर आणि घेणारा खाली उभा राहतो. पण जे वाचक आयुष्यभर दान म्हणत आले, त्यांच्या पत्राला उत्तर देताना मी त्यांचा शब्द बदलायला जात नाही.

मुलांची ओळख लपवायला चेहऱ्यावर हसरा इमोजी चिकटवला तर चालेल ना?

नाही. या प्रश्नावर मी सर्वांत ठाम आहे, कारण इथे सभ्यतेच्या पुढे जाऊन कायद्याचा प्रश्न येतो.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याशी संघर्ष झालेल्या, तसंच गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा त्यात साक्षीदार असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. त्यात वृत्तपत्र येतं, मासिक येतं आणि संपर्काची इतर माध्यमंही येतात, त्यामुळे "आमचं तर घरगुती वार्तापत्र आहे" ही सबब टिकत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, दोन लाखांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर बाल न्याय मंडळ किंवा बाल कल्याण समिती लेखी कारणं देऊन परवानगी देऊ शकते. ती संस्थेनं स्वतःच्या मनानं घ्यायची नसते. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्येही लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांच्या बाबतीत अशीच मनाई आहे.

आता तो इमोजी पाहा. चेहऱ्यावर पिवळा गोल, पण गणवेशाच्या खिशावर शाळेचं चिन्ह दिसतंय. मागच्या भिंतीवर वसतिगृहाचं नाव आहे. शेजारी आई आहे, तिचा चेहरा उघडाच. फोटोखाली गावाचं नाव. गावातल्या कुणालाही हे मूल कोण हे दोन सेकंदांत कळेल. शिवाय काही अ‍ॅपमध्ये इमोजी हा फोटोवर ठेवलेला वेगळा थर असतो. संपादन करता येईल अशी फाइल चुकून पुढे गेली तर तो उचलून बाजूला ठेवता येतो.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, छळातून सुटून आलेल्या मुलाच्या चेहऱ्याच्या जागी खिदळणारं तोंड? ते मूल मोठं होऊन तो फोटो पाहील तेव्हा त्याला काय वाटेल?

फोटो हवाच असेल तर ओळख न देणारा काढा. भाकरी थापणारे हात, वह्यांचा गठ्ठा, खिडकीतल्या कुंड्या, पाठमोरी बसलेली पाच-सहा मुलं आणि साधे कपडे. आमच्या सर्वांत जास्त प्रतिसाद मिळालेल्या अंकांपैकी एकाच्या मुखपृष्ठावर फक्त स्टीलच्या डब्यांची रांग होती, प्रत्येकावर खडूनं लिहिलेला खाटेचा क्रमांक.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकांना काय ऐकू येतं?

प्रत्येक इमोजीचं नाव. फोनमध्ये टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करून आपलंच वार्तापत्र एकदा ऐका. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ते असतं आणि फुकट आहे. "👉👉👉 आजच देणगी द्या" या ओळीची सुरुवात "उलट्या हाताचं उजवीकडे दाखवणारं बोट" अशा अर्थाच्या नावानं होते, आणि बऱ्याचदा तीनदा. मराठी आवाज बसवलेला नसेल तर मराठी वाक्याच्या मधोमध इंग्रजी नाव येतं. देणगीची विनंती तोवर मागे पडलेली असते.

त्यामुळे शब्दाच्या जागी इमोजी कधीच नको, ओळीच्या मधे नको, एकापाठोपाठ नकोत. ओळीच्या शेवटी एक असेल तर ऐकणाऱ्याला आधी वाक्य पूर्ण मिळतं.

आमच्या मेलमध्ये मराठी नीट दिसतं, पण इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. कधीकधी पुढचा मजकूरच गायब होतो. का?

हे छोट्या संस्थांच्या जुन्या वेबसाइटवरून जाणाऱ्या मेलमध्ये फार होतं, आणि कारण कळलं की दहा मिनिटांचं काम आहे.

संगणकात अक्षरं साठवायच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, बहुतेक इमोजी चार. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये `utf8` नावानं जो जुना प्रकार आहे, त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइटच मावतात. म्हणून मराठी व्यवस्थित साठवलं जातं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ₹ सुद्धा तीन बाइटांत बसतो. पहिला 🙏 आला की गाडी अडते. सर्व्हरची सेटिंग कडक असेल तर मजकूर साठवलाच जात नाही, चूक दाखवली जाते. सैल असेल तर मजकूर त्या इमोजीपाशीच कापला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आमच्या बाबतीत हेच घडलं होतं. आवाहनाच्या सुरुवातीलाच "सप्रेम नमस्कार 🙏" होतं, आणि शेकडो लोकांना फक्त "सप्रेम नमस्कार" एवढाच मेल गेला. खाते क्रमांक नाही, सही नाही. एका बाईंनी फोन करून काळजीनं विचारलं, "सगळं बरं आहे ना तुमच्याकडे?"

इलाज म्हणजे चार बाइट मावणारा `utf8mb4` हा प्रकार. आधी बॅकअप घ्या, मग ज्या टेबलात मजकूर राहतो त्याचं नाव घालून ही आज्ञा चालवा:

```
ALTER TABLE newsletter CONVERT TO CHARACTER SET utf8mb4;
```

वेबसाइट डेटाबेसशी जोडली जाते तिथली सेटिंगही `utf8mb4` करावी लागते, नाहीतर प्रश्नचिन्हं तशीच येत राहतात. हे करणारं कुणी नसेल तर सरळ इमोजी टाळा, मराठीला काहीही होत नाही.

एसएमएस पाठवत असाल तर आणखी एक गोष्ट. मराठी एसएमएस ७० अक्षरांचा असतो आणि त्यात मात्रा, अनुस्वारही मोजले जातात. साधा इमोजी दोन अक्षरांची जागा खातो. तिथे तो घालायचा विचारच करू नका.

छापील अंकात आणि जुन्या फोनवर काय होतं?

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अंक लावला जात असेल तर इमोजी बहुधा रिकामा चौकोन होऊन येतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पिवळा चेहरा करडा डाग होतो, हसतोय की रडतोय कळत नाही. छापील अंकातून मी ते सरसकट काढते.

पणतीचा 🪔 इमोजी २०१९ साली आला. त्याआधीच्या, अपडेट न झालेल्या फोनवर तो चौकोन दिसतो. विंडोज संगणकावर 🇮🇳 झेंड्याऐवजी बहुतेक ठिकाणी नुसती `IN` ही अक्षरं दिसतात. स्वातंत्र्यदिनाच्या अंकात झेंडा हवा असेल तर चित्र लावा.

सणांच्या शुभेच्छांमध्ये?

दिवाळीला एक पणती, जरूर. फटाके नकोत, आमच्याकडे श्वासाचा त्रास असलेली माणसं राहतात आणि त्या आठवड्यात खिडक्या बंद ठेवून बसतात. भाजलेल्या रुग्णांसाठी काम करणाऱ्यांना हे सांगायलाच नको. ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा यांच्या शुभेच्छा देत असाल तर सगळ्यांना सारखंच वागवा: एकाला सजावट आणि दुसऱ्याला कोरडी ओळ असं होऊ देऊ नका. धर्मचिन्हांचे इमोजी मी वापरत नाही, शब्द पुरतात.

इमोजीनं देणग्या वाढतात का, हे आम्ही तपासून पाहिलं तर?

पाहा, पण मेल किती जणांनी उघडला यावरून ठरवू नका. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये आयओएस १५ पासून मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय दिली, तिच्यामुळे वाचकानं मेल उघडला नाही तरी उघडल्यासारखी नोंद होऊ शकते. देणग्या मोजा.

त्यातही यादी लहान असेल तर उत्तर मिळत नाही. समजा बाराशे पत्ते आहेत. सहाशेंना इमोजीवाला मेल गेला आणि १२ देणग्या आल्या, सहाशेंना साधा गेला आणि ९ आल्या. तीनचा फरक हा निव्वळ योगायोगही असू शकतो. पुढच्या महिन्यात उलटं होईल. लहान संस्थेसाठी जास्त उपयोगाची माहिती वेगळीकडे असते: कुणी उलट उत्तर लिहिलं, कुणी यादीतून नाव काढलं आणि का, नेहमीचे देणगीदार दुसऱ्यांदा आले का. नाव काढणाऱ्यांना मी फोन करते, रागवायला नाही, विचारायला.

आभाराच्या मेलमध्ये तरी 🎉 चालेल ना? तिथे आनंदच असतो.

नेहमी नसतो. आपल्याकडे कितीतरी देणग्या स्मरणार्थ येतात. वर्षश्राद्धाला, पुण्यतिथीला, दिवसांचा खर्च टाळून. आणि कितीतरी वाढदिवसाच्या, नातवंडाच्या बारशाच्या, लग्नाच्या पन्नाशीच्याही येतात. बँकेच्या नोंदीत दोन्ही सारख्याच दिसतात.

आमचा आपोआप जाणारा आभाराचा मेल "अभिनंदन! 🎉 आपण एका कुटुंबाचे आधार झालात" असा सुरू व्हायचा. तो मीच लिहिला होता. एका गृहस्थांनी पत्नीच्या निधनानंतर तेराव्या दिवशी देणगी पाठवली, आणि दोन मिनिटांत त्यांना हा मेल गेला. त्यांनी तक्रार केली नाही. उत्तरात एकच ओळ लिहिली: "ही देणगी माझ्या पत्नीच्या स्मरणार्थ आहे, कृपया पावतीवर तसे नमूद करावे."

मी मेल केला नाही, फोन केला. माफी मागितली आणि त्यांच्या पत्नीबद्दल विचारलं. त्या बालवाडीत शिकवत होत्या. आम्ही पावती नव्यानं केली, हातानं पत्र लिहिलं आणि टपालानं पाठवलं.

त्यानंतर देणगीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: "देणगी कशानिमित्त? स्मरणार्थ / शुभप्रसंगी / अन्य". स्मरणार्थ निवडलं तर वेगळा मजकूर जातो. त्यात इमोजी नाही, पणती नाही, फूल नाही; दिवंगत व्यक्तीचं पूर्ण नाव आहे, "कै." लावून, आणि त्या दिवशी त्यांच्या नावे किती जणांना जेवण वाढलं तो आकडा. रकाना रिकामा ठेवला तर स्मरणार्थचाच साधा सूर वापरला जातो, फक्त नावाची ओळ गळते. वाढदिवसाची देणगी देणाऱ्याला साधं "मनापासून आभार" गेलं तर त्यांना काही टोचत नाही. त्या गृहस्थांची देणगी आता दर वर्षी त्याच तारखेला येते, आणि त्या दिवसाच्या फळ्यावर आम्ही बाईंचं नाव खडूनं लिहितो.